चारशेच्या तीनशे साठ कशा झाल्या?

२०१३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये स्पेनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचे नाव प्रेडिमेड. हृदयविकाराचा धोका असलेल्या ७४४७ स्त्री-पुरुषांचे त्यात तीन गट केले होते. एका गटाला भूमध्य समुद्राकाठचा पारंपरिक आहार आणि जोडीला ऑलिव्ह तेल, दुसऱ्याला तोच आहार आणि जोडीला अक्रोड-बदाम, तर तिसऱ्याला चरबी कमी खाण्याचा सल्ला. पहिल्या दोन गटांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू या घटना मिळून सुमारे ३० टक्के कमी आढळल्या. जगभरच्या आहारतज्ज्ञांनी हा निष्कर्ष उचलून धरला.

पाच वर्षांनी, २०१८ मध्ये, लेखकांनी तो शोधनिबंध मागे घेतला आणि दुरुस्त करून पुन्हा छापला. कोणता माणूस कोणत्या गटात जाणार हे प्रत्येकासाठी स्वतंत्रपणे, चिठ्ठी उचलल्यासारखे ठरायला हवे होते. पण काही घरांत एकाला जो गट मिळाला त्यातच नवऱ्याला, बायकोला किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाला घातले होते. एका केंद्रावर तर संशोधकाने माणसे वाटलीच नव्हती; अख्खी क्लिनिक एकेका गटाला देऊन टाकली होती. पहिल्या शोधनिबंधात यातले काही नव्हते. संशयाला सुरुवात झाली ती ब्रिटिश भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांच्या आकडेमोडीतून. त्यांनी २०१७ साली हजारो चाचण्यांमधली सुरुवातीची आकडेवारी तपासली आणि जिथे गट नैसर्गिक योगायोगाने पडलेले वाटत नाहीत अशा चाचण्या वेगळ्या काढल्या. प्रेडिमेड त्यांत होती. नव्या मांडणीत लेखकांनी ज्यांच्या विभागणीबद्दल शंका होती अशा १५८८ जणांना वगळूनही गणित करून दाखवले. आकडे फारसे हलले नाहीत, पण निष्कर्षाची भाषा मात्र मवाळ करावी लागली.

क्लिनिकच्या क्लिनिक एका गटात घालणे हा मुळात गुन्हा नाही. आपल्याकडे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा जो प्रसिद्ध अभ्यास झाला आणि २००९ मध्ये छापला गेला, त्यात १,३१,७४६ महिला होत्या आणि त्यांची विभागणी गावांच्या ५२ समूहांनुसारच केली होती. एकाच गावात एका महिलेची तपासणी करायची आणि शेजारणीची नाही, हे व्यवहारात जमणारे नव्हते. फरक एवढाच की उस्मानाबादच्या शोधनिबंधात विभागणी समूहांची आहे हे उघड लिहिले होते आणि गणितही त्याला धरून केले होते. प्रेडिमेडच्या वाचकाला ते कळायला मार्गच नव्हता.

गट पाडण्याचा क्रम कोणी तयार केला, सहभागी कोणी निवडले, कोणाला कोणता गट द्यायचा हे कोणी अमलात आणले, आणि निवड करणाऱ्याला पुढची चिठ्ठी आधी दिसू शकत होती का? हे प्रश्न कन्सॉर्ट नावाच्या तक्त्यात सरळ विचारलेले आहेत. वैद्यकीय चाचणीचा शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठवण्याआधी लेखकाने त्यात काय काय लिहिलेले असलेच पाहिजे, याची ही यादी. पहिली आवृत्ती १९९६ ची, नंतर २००१ आणि २०१० च्या, आणि सध्याची २०२५ ची. तिच्यात ३० मुद्दे आहेत.

ही यादी कोणाच्या टेबलावर बसून सुचलेली नाही. केनेथ शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली गर्भारपण व बाळंतपणाशी संबंधित २५० चाचण्या तपासल्या. ज्या चाचण्यांत पुढची चिठ्ठी आधी कळण्याची सोय राहिली होती, त्यांत ऑड्स रेशोने मोजलेला उपचाराचा फायदा सरासरी ४१ टक्क्यांनी फुगलेला आढळला. ज्या चाचण्यांत याबद्दल नीट लिहिलेच नव्हते, त्यांतही तो सुमारे ३० टक्क्यांनी फुगला होता. म्हणजे न लिहिणे ही निव्वळ लेखनातली त्रुटी नव्हती. जिथे लेखक गप्प होता तिथे बरेचदा कामातच भोक होते. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डग आल्टमन यांनी हा विषय आयुष्यभर लावून धरला, आणि अशा सगळ्या तक्त्यांना एकत्र आणणारे इक्वेटर नेटवर्क त्यांच्याच पुढाकारातून उभे राहिले.

महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत मात्र पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाती बहुधा चाचणी नसते. त्याने कोणालाही उपचार वाटलेले नसतात. आलेल्या रुग्णांकडे त्याने पाहिलेले, मोजलेले आणि नोंदलेले असते. अशा निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी २००७ साली स्ट्रोब नावाचा तक्ता आला. त्यात २२ मुद्दे आहेत, आणि लोकांच्या एखाद्या गटाचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारा अभ्यास, आजारी व निरोगी यांची तुलना करणारा अभ्यास आणि एकाच वेळी केलेली पाहणी या तिन्हींना ते लागू पडतात. बावीसपैकी चार मुद्द्यांचे शब्द अभ्यासाच्या प्रकारानुसार बदलतात. बाकीचे अठरा सर्वांना सारखे. कोणता तक्ता घ्यायचा हे ठरवायला एक प्रश्न पुरतो. कोणाला काय मिळणार हे संशोधकाने रँडम पद्धतीने ठरवले होते का? ठरवले असेल तर कन्सॉर्ट, आणि विभागणी गावांची किंवा वॉर्डांची असेल तर कन्सॉर्टची त्यासाठीची खास पुरवणी. जे घडत होते ते फक्त पाहिले असेल तर स्ट्रोब.

स्ट्रोब हातात घेऊन लेख तपासायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे एका लेखावर करून पाहिल्याशिवाय समजत नाही. पुढचा लेख त्यासाठी बेतलेला आहे आणि त्यातले आकडेही कल्पित आहेत. पण त्यातल्या चुका ज्याने चार थिसिस चाळले असतील त्याला ओळखीच्या वाटतील.

एका ग्रामीण रुग्णालयात प्रसूतिपूर्व तपासणीला येणाऱ्या महिलांमधल्या रक्तक्षयाचा अभ्यास. थिसिस मंजूर झाला, परीक्षा झाली, आणि आता गाईडच्या सांगण्यावरून त्याचा पेपर करायचा आहे. मसुद्याचे शीर्षक आहे 'गरोदर महिलांमधील रक्तक्षय आणि त्याची कारणे'. सारांशात लिहिले आहे की ३६० महिलांचा अभ्यास केला, १९८ जणींना म्हणजे ५५ टक्के महिलांना रक्तक्षय होता, आणि कमी उत्पन्न हे त्याचे महत्त्वाचे कारण आढळले.

स्ट्रोबचा पहिलाच मुद्दा शीर्षकाला धरतो. अभ्यासाचा प्रकार शीर्षकात किंवा सारांशात लिहिला आहे का? इथे तो नाही. ही एकाच वेळी केलेली पाहणी आहे, ज्याला सगळे क्रॉस-सेक्शनल अभ्यास म्हणतात. महिलेचे रक्त आणि तिच्या घरचे उत्पन्न एकाच भेटीत नोंदले गेले. त्यामुळे कशाच्या मागून काय आले हे या अभ्यासाला सांगता येत नाही. प्रकार लिहायला घेतला की 'कारणे' हा शब्द शीर्षकातून आपोआप गळून पडतो आणि त्या जागी 'संबंधित घटक' येतात. सर्वांत कमी वेळ लागणारी आणि लेखाचा सूरच बदलणारी ही दुरुस्ती आहे.

चौथ्या मुद्द्याला अभ्यासाची मांडणी लेखात लवकर यायला हवी असते, पाचव्याला ठिकाण आणि तारखा हव्या असतात. मसुद्यात 'एक वर्षाच्या कालावधीत' एवढेच आहे. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत हे लिहिले की वाचकाला इतर प्रश्न विचारता येतात. मध्ये लोहाच्या गोळ्यांचा पुरवठा थांबला होता का? पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या वाड्यांमधून येणे बंद होते का?

खरी झडती सहाव्या मुद्द्यापासून सुरू होते. कोणाला घेतले, कोणाला घेतले नाही, आणि ज्यांना घेतले त्या नेमक्या कशा निवडल्या? मसुदा म्हणतो, 'ओपीडीत आलेल्या गरोदर महिला.' विद्यार्थ्याला विचारले तर कळते की प्रसूतिपूर्व तपासणीचे दिवस सोमवार आणि गुरुवार होते, आणि त्या दिवशी येणाऱ्या सर्व महिलांना ओळीने विचारले होते. रक्त चढवलेल्या महिलांना वगळले होते. हे सगळे थिसिसमध्ये आहे. पेपर आखूड करताना ते कापले गेले. वाचकाच्या दृष्टीने मात्र तो अभ्यासाचा कणाच होता.

दहावा मुद्दा नमुन्याच्या आकाराचा. इथे महाराष्ट्रातल्या प्रत्येक पीजीला पाठ असलेले सूत्र येते: 4pq/L². p म्हणजे अपेक्षित टक्केवारी, q म्हणजे शंभरातून ती वजा केल्यावर उरलेली, आणि L म्हणजे किती चूक चालेल ते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर महिलांना रक्तक्षय होता. तो आकडा p म्हणून घेतला आणि पाच टक्क्यांची चूक चालेल असे धरले तर उत्तर ३९९ येते. थिसिसच्या आराखड्यात म्हणूनच ४०० लिहिले होते. पेपरमध्ये सूत्रही आहे आणि ४०० हा आकडाही आहे. पुढच्याच परिच्छेदात ३६० महिला आहेत. मधल्या ४० जणींबद्दल एक अक्षर नाही.

इथे तेरावा मुद्दा हाताशी येतो. प्रत्येक टप्प्यावर किती जणी होत्या, किती गळल्या आणि का, हे लिहा. जमले तर आकृती काढा, असे तो सांगतो. विद्यार्थ्याने नोंदवही पुन्हा काढली. एकूण ४१२ महिलांना विचारले होते. त्यातल्या १२ जणींना रक्त चढवलेले होते, म्हणून त्या निकषात बसल्या नाहीत. उरल्या ४००. त्यातल्या ३१ जणींनी नकार दिला. राहिलेल्या ३६९ पैकी ९ जणींच्या रक्ताचे नमुने गोठले किंवा अहवाल मिळाले नाहीत. म्हणून ३६०.

चार ओळींचा हा हिशेब अभ्यासाकडे पाहण्याची नजर बदलतो. नऊ नमुने गोठले ही प्रयोगशाळेची अडचण आहे, आणि ती कोणावरही येऊ शकते. नकार देणाऱ्या ३१ जणींचे तसे नाही. वहीत त्यांच्यापैकी बऱ्याच जणींपुढे 'घाई' असे लिहिलेले आहे. दुपारची शेवटची एसटी गाठायची होती. याचा अर्थ लांबच्या वाड्यांवरून येणाऱ्या महिला अभ्यासातून जास्त गळल्या असण्याची शक्यता आहे, आणि बहुधा त्यांच्यातच रक्तक्षय अधिक असणार. दुसरीकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन कमी दिसलेल्या महिलांनाच पुढे या रुग्णालयात पाठवले जात असेल, तर ५५ टक्के हा आकडा आजूबाजूच्या गावांपेक्षा जास्त आलेला असू शकतो. या त्रुटी कोणत्या दिशेने आणि साधारण किती ओढतात ते लिहा, असे स्ट्रोबचा एकोणिसावा मुद्दा सांगतो. मसुद्याच्या शेवटी 'हा अभ्यास एकाच केंद्रावर झाला ही त्याची मर्यादा आहे' असे वाक्य होते. ते खरे आहे, पण त्यातून वाचकाला काहीच कळत नाही. दोन्ही दिशांचा विचार लिहिल्यावर मात्र ५५ टक्क्यांकडे कसे पाहायचे हे त्याला ठरवता येते.

मोजमापाच्या आठव्या मुद्द्यावर पुष्कळ लेख अडखळतात, कारण तिथे लेखकाला स्वतःच्या प्रयोगशाळेला प्रश्न विचारावे लागतात. मसुद्यात लिहिले होते की हिमोग्लोबिन सेल काउंटरवर मोजले. तंत्रज्ञांशी बोलल्यावर कळले की यंत्र काही आठवडे बंद होते आणि तेव्हा साहली पद्धतीने मोजणी झाली. त्या पद्धतीत रक्त सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळतात आणि थेंबाथेंबाने पाणी घालत त्याचा तपकिरी रंग शेजारच्या काचेच्या रंगाशी डोळ्यांनी जुळवतात. दोघांनी बघितले तर दोन उत्तरे येऊ शकतात. किती महिलांचे रक्त कोणत्या पद्धतीने तपासले हे लिहायला हवे. शक्य असेल तर साहलीवाल्या वगळून टक्केवारी पुन्हा काढून दाखवावी.

रक्तक्षय कशाला म्हटले हेही सांगायला हवे. मसुद्यात फक्त 'जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार' एवढेच आहे. निकष मात्र एकच नाही. संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात गर्भारपणाच्या पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीसाठी सीमा ११ ग्रॅमची आहे, तर मधल्या तिमाहीसाठी १०.५ ग्रॅमची, दर १०० मिलिलिटर रक्तामागे. पाचव्या महिन्यातली, १०.७ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेली महिला एका निकषाने रक्तक्षयी ठरते, दुसऱ्याने नाही. या मसुद्यात सरसकट ११ धरले होते. ते चूक नाही, फक्त लिहिलेले नव्हते.

आता तक्ते. मसुद्यातल्या दुसऱ्या तक्त्यात उत्पन्नाचे दोन गट आहेत. कमी उत्पन्नाच्या १५० महिला, बाकीच्या १९१. बेरीज ३४१. उरलेल्या १९ जणींनी उत्पन्न सांगितलेच नाही. चौदावा मुद्दा नेमके हेच मागतो, की प्रत्येक बाबतीत किती जणींची माहिती नाही ते लिहा. ते लिहिलेले नसल्याने मजकुरात आणखी एक गडबड शिरली होती. '४२ टक्के महिला कमी उत्पन्न गटातल्या होत्या' हे वाक्य १५० ला ३६० ने भागून आले होते, तर तक्त्यातली टक्केवारी ३४१ ने भागून ४४ आली होती. एकाच लेखात एकाच गोष्टीचे दोन आकडे. नियतकालिकाच्या परीक्षकाला असे एक जरी सापडले तरी तो पुढचा प्रत्येक आकडा संशयाने वाचू लागतो. त्याने तसेच वाचायला हवे.

सोळावा मुद्दा लेखाच्या मुख्य निष्कर्षापाशी येऊन थांबतो, आणि इथे घाई करून चालत नाही. मसुद्यात लिहिले होते की कमी उत्पन्न आणि रक्तक्षय यांचा संबंध 'सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय' आहे, पी ०.०५ पेक्षा कमी. संबंध किती, हे कुठेच नाही. स्ट्रोब आधी कच्चा आकडा मागतो, मग इतर घटकांचा हिशेब घालून काढलेला, आणि दोन्हींबरोबर अनिश्चिततेची कक्षा.

तक्त्यात ते सगळे दडलेले होते. कमी उत्पन्नाच्या १५० पैकी ९६ महिलांना रक्तक्षय होता, म्हणजे ६४ टक्के. बाकीच्या १९१ पैकी ९४ जणींना, म्हणजे ४९ टक्के. यातून ऑड्स रेशो १.८३ येतो आणि त्याची ९५ टक्क्यांची कक्षा १.१८ ते २.८४. हा आकडा वाचून सामान्य डॉक्टरही 'जवळजवळ दुप्पट धोका' असे म्हणून मोकळा होतो. पण ६४ हे ४९ च्या दुपटीच्या जवळपासही नाहीत, ते सुमारे तीस टक्क्यांनी जास्त आहेत. रक्तक्षयासारखी गोष्ट निम्म्याअधिक महिलांमध्ये असते तेव्हा ऑड्स रेशो असा मोठा दिसतो. म्हणून साध्या टक्केवाऱ्या शेजारी छापणे आवश्यक असते. सोळाव्या मुद्द्याचा शेवटचा भाग, जिथे जमेल तिथे सापेक्ष धोका प्रत्यक्ष धोक्यात सांगा असा आहे, त्यामागेही हाच विचार आहे.

नंतर विद्यार्थ्याने संख्याशास्त्रज्ञांकडे जाऊन शिक्षण, आधीची बाळंतपणे, गर्भारपणाची तिमाही आणि लोहाच्या गोळ्या घेणे या गोष्टींचा हिशेब घालून गणित पुन्हा केले. रेशो १.४६ वर आला आणि कक्षा ०.९१ ते २.३४. कक्षा एकच्या अलीकडे पोहोचली. म्हणजे उत्पन्नाचा वेगळा संबंध असेलही, नसेलही. एवढ्या महिलांवरून ठाम सांगता येत नाही. 'कमी उत्पन्न हे महत्त्वाचे कारण आढळले' हे सारांशातले वाक्य आता टिकत नाही. हे गणित थिसिसच्या परिशिष्टात आधीपासून होते, पेपरमध्ये आले नव्हते. तक्त्याने ते मागितले म्हणून ते बाहेर आले.

एवढे सगळे घडू शकते, तर प्रत्यक्षात घडत का नाही? बहुतेक प्रतिष्ठित नियतकालिके हा तक्ता भरून मागतात. लेखक तो भरतातही. पण लेख अपलोड करण्याच्या रात्री, वेबसाइटने मागितला म्हणून, प्रत्येक ओळीपुढे एक पान क्रमांक टाकून. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी असाच अराईव्ह नावाचा तक्ता आहे. 'प्लॉस वन' नियतकालिकाकडे आलेल्या १६८९ लेखांवर याचाच एक प्रयोग झाला आणि तो २०१९ मध्ये छापला गेला. निम्म्या लेखकांना तक्ता भरून पाठवणे सक्तीचे केले, निम्म्यांना नाही. छापलेल्या लेखांत अराईव्हचे सगळे मुद्दे पूर्ण करणारा एकही लेख दोन्ही गटांत निघाला नाही. फॉर्म मागितल्याने लेख सुधारले नाहीत.

ज्या संपादकांना आणि संख्याशास्त्रज्ञांना या तक्त्यांचा खरा उपयोग करून घ्यायचा असतो, त्यांची रीत वेगळी असते. इक्वेटरच्या equator-network.org या संकेतस्थळावरून अभ्यासाच्या प्रकाराचा तक्ता उतरवून घेतात आणि पान क्रमांकाच्या रकान्यात आधी काहीच लिहीत नाहीत. त्या जागी लेखातले प्रत्यक्ष वाक्य उतरवतात. वाक्य सापडले नाही तर रकाना रिकामा ठेवतात. 'हो, ते पद्धतीच्या भागात आहे' असे वाटणे आणि ते वाक्य समोर ठेवणे यात किती अंतर असते, हे पहिल्या पाच ओळींतच लक्षात येते. नमुन्याच्या मुद्द्यापुढे सूत्र सापडते, पण ४०० च्या ३६० का झाल्या हे सांगणारे वाक्य सापडत नाही, आणि रिकामा रकाना आपोआप प्रश्न विचारतो.

हे काम लेखकाने एकट्याने करू नये. त्याला नोंदवही पाठ असते, त्यामुळे लेखात नसलेली माहितीही तो लेखात वाचतो. अभ्यासात अजिबात नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला लेख आणि कोरा तक्ता द्यावा. सोमवार-गुरुवारची गोष्ट त्याला माहीत नसते, म्हणून महिला कशा निवडल्या हे तो विचारतोच. आकड्यांसाठी आणखी एक फेरी लागते. लेखातला प्रत्येक छेद, म्हणजे कितीपैकी किती यातले 'कितीपैकी', पेन्सिलीने गोल करायचा आणि सारांश, मजकूर, तक्ते आणि आकृती यांत तो जुळतो का हे पाहायचे. ४२ आणि ४४ टक्क्यांचा घोळ याच फेरीत सापडतो.

या तक्त्यांना एक मर्यादा आहे, आणि ती स्ट्रोबच्या कर्त्यांनीच सांगून ठेवली आहे. अभ्यास चांगला की वाईट हे मोजण्यासाठी हा तक्ता नाही. सगळे मोजमाप साहली पद्धतीने करून, एकाच आठवड्यात वीस महिला पाहून लिहिलेला लेखही बावीसच्या बावीस मुद्दे पूर्ण करू शकतो. तेवढ्याने तो अभ्यास भरवशाचा होत नाही. तो किती कच्चा आहे ते फक्त स्पष्ट दिसते. म्हणून २२ पैकी १९ असे गुण देऊन लेखांची क्रमवारी लावणे चुकीचे आहे. तरीही काही ठिकाणी ते होते.

दुसरी मर्यादा वेळेची आहे. जे नोंदलेच नाही ते लेख पाठवताना तक्ता कुठून आणणार? नकार देणाऱ्या ३१ जणींचे वय आणि गाव लिहून ठेवले असते, तर त्या लांबच्या वाड्यांवरच्या होत्या का हे तपासता आले असते. आता फक्त 'घाई' हा शब्द उरला आहे. चाचणी करणाऱ्यांसाठी यावर स्पिरिट नावाचा तक्ता आहे, जो आराखडा लिहितानाच वापरायचा असतो. शिवाय भारतात २००९ पासून क्लिनिकल चाचण्यांची नोंद सीटीआरआयमध्ये बंधनकारक असल्याने निदान मुख्य उद्दिष्ट काय होते ते आधी लिहिले जाते. निरीक्षणात्मक अभ्यासात अशी सक्ती नसते. त्यामुळे एथिक्स कमिटीकडे आराखडा पाठवतानाच स्ट्रोबचा तेरावा आणि चौदावा मुद्दा बघून नोंदवहीत दोन-चार रकाने जास्त आखणे, हाच त्यातल्या त्यात स्वस्त उपाय.

जे रकाने तरीही भरता येत नाहीत त्यांच्यापुढे विद्यार्थी सहसा 'लागू नाही' असे लिहितात. हे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करणे आहे. एकाच वेळच्या पाहणीत वर्षभराने कोण संपर्कातून सुटले हा प्रश्न खरोखरच लागू नाही, आणि तसे एका ओळीत कारण देऊन लिहावे. १९ जणींचे उत्पन्न कळले नाही हे मात्र लागू आहे, फक्त हाती नाही. त्याची जागा लेखाच्या मर्यादांमध्ये आहे. आपल्या उदाहरणातल्या लेखात ती ओळ शेवटी अशी आली: 'उत्पन्नाची माहिती १९ महिलांकडून मिळाली नाही, त्यांच्यापैकी ८ जणींना रक्तक्षय होता, आणि त्या विश्लेषणातून वगळल्या आहेत. सहभाग नाकारणाऱ्या ३१ महिलांचे वय व गाव नोंदलेले नाही, त्यामुळे सहभागी महिलांशी त्यांची तुलना करता आली नाही.'

तक्ता नियतकालिकाकडे जाईल तेव्हा त्यात पान क्रमांकाऐवजी भागाचे नाव आणि परिच्छेद लिहिणे बरे, कारण अपलोड होताना पाने सरकतात आणि परीक्षकाच्या हाती वेगळीच प्रत जाते. पुढे परीक्षकांच्या सूचना येतात. समजा त्यांनी साहली पद्धतीने तपासलेल्या महिला काढून टाकायला सांगितल्या, तर ३६० हा आकडा बदलतो. मग आकृती, दोन्ही तक्ते, ५५ टक्के, १.८३ आणि सारांश हे सगळे पुन्हा गोल करून जुळवावे लागते, आणि स्ट्रोबचा तक्ता नव्या वाक्यांनिशी पुन्हा भरावा लागतो.